‘भेटू या गं कधीतरी’ याच्यापुढे नेमके काय लिहावे?

शेवंती | ६ फेब्रुवारी, रात्री १०.४०

प्रश्न छोटासा आहे, पण गेले बारा दिवस मी त्यावर अडून बसले आहे, म्हणून येथे मांडते. माटुंग्याच्या महाविद्यालयात माझ्याबरोबर पाच वर्षे एका बाकावर बसणारी एक मैत्रीण आहे. लग्नानंतर ती बोरिवलीला गेली, मी डोंबिवलीला आले, आणि शेवटची भेट होऊन आता नऊ वर्षे झाली. भांडण झाले नाही, काही बिनसलेही नाही, फक्त दोघींच्या लोकल वेगवेगळ्या मार्गांवर धावू लागल्या.

रथसप्तमीच्या दिवशी तिने स्टेटसला हलव्याच्या दागिन्यांचा फोटो टाकला होता. कुणाच्या तरी बाळाच्या बोरन्हाणासाठी तिने मुकुटापासून वाळ्यांपर्यंत सगळा संच घरी केला होता, हलवासुद्धा स्वतःच्या हातचा. मी कौतुक केले, तिने उत्तर दिले, आणि वीस मिनिटे आमचे बोलणे थेट बाकावरच्यासारखे झाले. शेवटी तिने लिहिले, “किती वर्षं झाली गं! भेटू या कधीतरी निवांत.” त्यावर मी “हो नक्की!” असे लिहिले, दोन हसरे चेहरे टाकले, आणि विषय तेथेच संपला.

आता मी असा निरोप लिहून ठेवला आहे: “मग कधी भेटायचं? तू सांग, मी कधीही मोकळी आहे.” तो पाठवावा का? मागे लागल्यासारखे तर दिसणार नाही ना? आणि तिने ते नुसते तोंडदेखले म्हटले असेल, तर मी तिला उगाच अडचणीत टाकते आहे का?

सरळमार्गी | ६ फेब्रुवारी, रात्री ११.१५

शेवंतीताई, एवढा विचार करण्यासारखे यात काही नाही. “कधीतरी” हा वार कोणत्याही पंचांगात नसतो, त्यामुळे तारीख आपणच टाकावी लागते. त्यांना सरळ लिहा की येत्या रविवारी दुपारी एक वाजता माझ्याकडे जेवायला ये, मी पुरणपोळ्या करते आहे. ज्याला यायचे असते तो येतो आणि ज्याला यायचे नसते तो कारण सांगतो, म्हणजे तुमच्याही डोक्यातला गोंधळ मिटतो. मी ठाण्यातल्या आमच्या जुन्या क्रिकेटच्या गटाला असेच बोलावतो आणि अकरापैकी सात जण हमखास येतात.

अर्थछटा | ७ फेब्रुवारी, सकाळी ८.०५

मी भाषाविज्ञान शिकवून निवृत्त झाले आहे, त्यामुळे या वाक्याकडे थोडी सवयीने पाहते. आयझॅक्स आणि क्लार्क या दोन संशोधकांनी १९९० साली अशाच आमंत्रणांवर एक निबंध लिहिला होता, म्हणजे जी आमंत्रणे दिली तर जातात, पण स्वीकारली जावीत अशी देणाऱ्याचीही अपेक्षा नसते. त्यांच्या मांडणीतली मला सर्वांत पटलेली गोष्ट ही की अशा आमंत्रणात फसवणूक नसते, कारण ते वरवरचे आहे हे दोन्ही बाजूंना कळत असते आणि कळावे अशीच बोलणाऱ्याची इच्छा असते. लिफ्टमध्ये शेजारीण “या ना एकदा घरी” म्हणते, तेव्हा तिला “तुम्ही मला परक्या नाही” एवढेच सांगायचे असते, आणि त्याच संध्याकाळी आपण तिच्या दारात उभे राहिलो तर घोटाळा आपलाच असतो.

अशी आमंत्रणे ओळखण्याच्या ज्या खुणा त्यांनी दिल्या आहेत, त्यांतल्या दोन येथे उपयोगी पडतील. एक, वेळ आणि जागा मोघम ठेवलेली असते. दोन, भेटावे असे वाटण्याचे कारण त्यात नसते आणि समोरचा गप्प राहिला तर आग्रहही होत नाही. शेवंती, तुमच्या मैत्रिणीच्या वाक्याला पहिली खूण लागू पडते, दुसरी मात्र अर्धीच. “किती वर्षं झाली” हे कारणच आहे, आणि “निवांत” हा शब्द तर तिने आपणहून घातला आहे. निव्वळ शिष्टाचारासाठी बोलणारा माणूस भेट कशी असावी हे सहसा सांगत नाही. शिवाय आग्रह करण्याची पाळी आली तेव्हा तुम्हीच “हो नक्की” म्हणून दार लोटून घेतले. म्हणून माझा अंदाज असा की हे वाक्य होय आणि नाही यांच्या मधोमध उभे आहे, आणि पुढचा निरोप लिहिताना ते तसेच धरून चालावे.

आता तुमच्या मसुद्याविषयी. “तू सांग, मी कधीही मोकळी आहे” हे वाक्य आपल्याला फार उदार वाटते, परंतु त्याने सगळे काम समोरच्याच्या पदरात पडते. वार तिने शोधायचा, जागा तिने सुचवायची, घरच्यांच्या वेळा तिने जुळवायच्या, आणि हे सर्व फोन हातात असताना, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता. मग ती “बघते आणि सांगते” असे लिहिते, आणि तुम्हाला वाटते की तिला यायचेच नाही.

सरळमार्गी | ७ फेब्रुवारी, सकाळी ९.३०

म्हणजे तारीख आपणच टाकावी हे माझे म्हणणे बरोबर ठरले!

अर्थछटा | ७ फेब्रुवारी, सकाळी ९.५०

तारखेपुरते बरोबर आहे. पुरणपोळीपुरते नाही. नऊ वर्षांनी होणारी पहिली भेट जेवणाची ठेवली, तर ती चार तासांची होते. रिकाम्या हाताने जाता येत नाही, घरच्या मंडळींशी ओळखी आल्या, आणि मधेच उठून निघणे तर अशक्यच. तुमच्या क्रिकेटच्या गटाचे गणितही वेगळे आहे, कारण अकरा जणांत चौघे आले नाहीत तरी कोणाच्या लक्षात येत नाही. दोघींच्या भेटीत एकीने “नाही” म्हटले की ते “नाही” दुसरीच्या तोंडावर म्हटलेले असते.

नवाव्यवसायी | ७ फेब्रुवारी, दुपारी १२.२०

माझेही अगदी हेच झाले आहे. माझ्या पूर्वीच्या कार्यालयातले एक वरिष्ठ “बोलू या कधीतरी” म्हणाले होते, त्यांच्या कंपनीत जागा निघणार असल्याचे मला कळले आहे. मी त्यांना “सर, सहज भेटू या, कॉफी घेऊ” असे लिहिले, तर आठ दिवस झाले तरी उत्तर नाही. त्यांनाही दागिन्यांसारखा एखादा विषय काढून लिहावे काय?

अर्थछटा | ७ फेब्रुवारी, दुपारी १.००

नका लिहू, कारण तुमची भेट “सहज” नाही आणि हे त्यांनाही दिसते आहे. तुम्हाला काम आहे, तर कामच लिहा: अमुक जागेविषयी पंधरा मिनिटे फोनवर विचारायचे आहे, या आठवड्यात कोणत्या वेळी फोन करू? वरिष्ठांना त्याचे उत्तर देणे कॉफीला होकार देण्यापेक्षा पुष्कळ सोपे जाते.

मात्र तुमच्या निमित्ताने शेवंतींसाठी एक मुद्दा निघाला. मुंबईत वर्षानुवर्षांनी कोणी आपुलकीने “भेटू या” म्हणाले की पुढे विम्याची पॉलिसी, साखळी पद्धतीची विक्री किंवा देणगीची पावती निघेल, अशी धास्ती आता घराघरात बसली आहे. म्हणून भेटीचे कारण निरोपात उघड असावे, आणि ते त्या माणसाशीच बांधलेले असावे. येथे ते आयते आहे: हलव्याला काटा कसा येतो ते ऐकायचे आहे.

फलाट_चार | ७ फेब्रुवारी, रात्री ९.१०

भावनांचे मला फारसे कळत नाही, पण गाड्यांचे कळते, आणि माझ्या मते निम्म्या भेटी मनामुळे नाही, गाड्यांमुळे मोडतात. डोंबिवली मध्य रेल्वेवर, बोरिवली पश्चिम रेल्वेवर. दोघींपैकी कोणीही दुसरीच्या घरी जायचे म्हटले, तर गाडी बदलणे, पूल चढणे आणि रिक्षा धरून येण्याजाण्यात चार तास सहज जातात. दोन्ही मार्ग मिळतात ते दादरला. डोंबिवलीहून जलद गाडीने साधारण पाऊण ते एक तास लागतो, बोरिवलीहून त्याहून थोडा कमी. मैत्रीण पश्चिम रेल्वेने येणार असल्यामुळे जागा दादर पश्चिमेला ठेवा, म्हणजे तिला पूल ओलांडावा लागणार नाही. ओलांडायचा तो तुम्ही ओलांडा.

रविवार अजिबात घेऊ नका. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक बहुतेक रविवारी असतोच, तो साधारण अकरापासून दुपारी चारच्या आसपासपर्यंत चालतो आणि नेमका कोणत्या स्थानकांदरम्यान आहे हे एक-दोन दिवस आधीच कळते. पश्चिम रेल्वेवरही रविवारी अधूनमधून जंबोब्लॉक असतो. म्हणजे पंधरा दिवस आधी रविवार ठरवणे हा जुगारच. शनिवारची दुपार त्यातल्या त्यात बरी.

जागेचेही सांगतो. दादरची नावाजलेली मराठी उपाहारगृहे पदार्थांसाठी उत्तम आहेत, पण शनिवारी संध्याकाळी तेथे बाहेर रांग असते, आणि आपण पीयूषचा शेवटचा घोट घेईपर्यंत पुढची मंडळी डोक्यावर येऊन उभी राहतात. ज्या भेटीत “निवांत” हा शब्द आहे ती तेथे होत नाही. शिवाजी पार्कचा कट्टा घ्या. तेथून कोणी उठवत नाही, बिलावरून ओढाताण होत नाही, आणि बोलणे अडखळले तर उठून मैदानाला एक फेरी मारता येते.

उंबरठा | ८ फेब्रुवारी, दुपारी ३.२५

मी या धाग्यातल्या दुसऱ्या बाजूची आहे, म्हणजे “भेटू या कधीतरी” असे लिहिणारी. माझ्या सासूबाई तीन वर्षांपासून अंथरुणाला खिळून आहेत. दिवसाची बाई सातला जाते, आणि ती कोणत्या दिवशी दांडी मारील हे तिलाही आदल्या रात्रीपर्यंत ठाऊक नसते. मी ते वाक्य लिहिते तेव्हा ते मनापासून असते, फक्त त्याला तारीख लावण्याची माझी ऐपत नसते, आणि प्रत्येकाला हे सगळे सांगत बसण्याची इच्छाही नसते.

मला लोकांकडून आलेले दोन निरोप सांगते. एकीने लिहिले, “तुला वेळच नसतो आमच्यासाठी, ह्या महिन्यात भेटायचंच, तारीख दे.” ते प्रेमानेच लिहिले होते, पण मी तो निरोप चार दिवस उघडलाच नाही आणि नंतर उत्तर द्यायची लाज वाटू लागली. दुसरीने लिहिले, “गुरुवारी पाचला तुझ्या घराजवळच्या बागेत मी अर्धा तास बसणार आहे, आयत्या वेळी नाही जमलं तर नुसता एक शब्द टाक, मी पुस्तक घेऊनच येणार आहे.” त्या गुरुवारी मी गेले. वीसच मिनिटे बसले, पण गेले. मला ओढून नेले ते “पुस्तक घेऊन येणार आहे” या शब्दांनी, कारण मी आले नाही तरी तिची संध्याकाळ वाया जाणार नव्हती.

एक मात्र अर्थछटाताईंना विचारावेसे वाटते. लोक दोन-तीन तारखांचे पर्याय देतात तेव्हा मला ते प्रश्नपत्रिकेसारखे वाटते, सगळे तपासून प्रत्येकाचे उत्तर लिहावे लागते. एकच तारीख बरी नाही का?

अर्थछटा | ८ फेब्रुवारी, सायंकाळी ५.४०

उंबरठा, तुमचे म्हणणे मी गंभीरपणे घेते, आणि याचे एकच उत्तर माझ्याकडे नाही. ज्याच्या दिवसावर स्वतःचा ताबा नाही त्याला एकच तारीख आणि सहज मोडता येण्याची मुभा अधिक सोयीची पडते. उलट ज्याचे दिवस आधीच ठरलेले असतात, त्याला एकच तारीख दिली की “त्या दिवशी नाही” एवढ्यावर बोलणे संपते आणि पुढे काय हे दोघांपैकी कोणीच बोलत नाही. मी स्वतः एक ठळक तारीख लिहिते आणि “त्याच्या पुढचा शनिवारही चालेल” हे ओझरते जोडते. तीन किंवा अधिक पर्याय मात्र कोणालाच देऊ नयेत.

शेवंती | ८ फेब्रुवारी, रात्री १०.३०

सर्वांचे आभार. योगायोगाने आईचा चष्मा दादरला टाकला आहे, तो २१ तारखेला शनिवारी दुपारी मिळणार आहे, त्यामुळे मी तेथे जाणारच आहे. आता हा दुसरा मसुदा पाहा:

“अगं, त्या दिवशी तू भेटू म्हणालीस आणि मी नुसतंच हो म्हटलं, नंतर कळवलंच नाही, खरंच सॉरी. तू खूप बिझी असशील माहीत आहे, आणि तुला त्रास द्यायचा नाहीये, पण जर तुला खरंच वाटत असेल आणि वेळ असेल तर २१ ला, किंवा २२ ला, किंवा पुढच्या आठवड्यात कधीही, दादरला किंवा तू म्हणशील तिथे भेटू या का? नाही जमलं तरी अजिबात हरकत नाही, मी रागावणार नाही.”

अर्थछटा | ८ फेब्रुवारी, रात्री ११.१५

यात माया भरपूर आहे, पण पाहा, पहिली चार वाक्यांगे तुमच्याविषयी आहेत. क्षमा मागितली की समोरच्याला आधी समजूत घालावी लागते. “खरंच वाटत असेल तर” यात तिच्या शब्दावरचा अविश्वास आहे. “मी रागावणार नाही” हे वाचून रागावण्याचा विचार प्रथमच तिच्या मनात येतो. आणि इतके लिहूनही वार, वेळ, जागा यांपैकी एकही गोष्ट पक्की झालेली नाही. मी असे लिहिले असते:

“तू ‘निवांत’ म्हणालीस ते डोक्यातच राहिलंय. सणाची धावपळ आता ओसरली असेल ना? २१ ला शनिवारी आईचा चष्मा आणायला मी दादरला येतेय, चारनंतर मोकळी आहे. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर तासभर बसू या? हलव्याला काटा कसा आणतेस ते मला नीट ऐकायचंय, माझा मागे नुसता पाक झाला होता. त्याच्या पुढचा शनिवारही चालेल, आणि हा महिनाच गडबडीचा असेल तर होळीनंतर बघू.”

सुरुवात तिच्याच शब्दाने केली आहे, म्हणजे मागणी तिची आहे आणि तुम्ही केवळ ती पुढे नेत आहात. “तासभर” हा शब्द गाळू नका, भेटीला शेवट आहे हे आधी कळले की होकार देणे हलके होते. चष्म्याचे खरे आहे म्हणूनच ते लिहायचे. नसलेले काम लिहिले असते, तर कट्ट्यावर बसल्यावर “आणला का चष्मा?” या पहिल्याच प्रश्नाला अडखळला असतात. आणि पळवाट शेवटच्या वाक्यात ठेवली आहे, कारणे द्यायला न लावणारी: तिला केवळ “होळीनंतर बघू” एवढे दोन शब्द लिहावे लागतील.

सरळमार्गी | ८ फेब्रुवारी, रात्री ११.४०

क्षमा करा, पण ही पळवाट म्हणजे नकार ताटात वाढून देणे आहे. माणूस आळशी असतो, सोपे दार दिसले की तो त्यातूनच निघून जातो. मी ते शेवटचे वाक्य काढून टाकले असते.

उंबरठा | ९ फेब्रुवारी, सकाळी ७.५०

मी ते ठेवले असते. ते दार नसते, तर माझ्यासारखीने उत्तरच दिले नसते, आणि उत्तर न देणे नकारापेक्षा वाईट, कारण त्यानंतर स्टेटस पाहायलाही संकोच वाटतो.

शेवंती | १० फेब्रुवारी, दुपारी २.०५

काल रात्री नऊ वाजता निरोप पाठवला, होळीचे वाक्य ठेवूनच. आता उत्तर आले आहे, आणि मी पुन्हा अडले आहे. ती लिहिते: “अगं २१ ला नणंदेच्या मुलीचं डोहाळजेवण आहे गं, त्यातच असणार. पण कल्पना काय छान आहे, कट्टा!! आणि पाक मंद आचेवर ठेवायचा असतो, बाई.” पुढच्या शनिवारविषयी एक अक्षरही नाही. हा नकार समजायचा का?

सरळमार्गी | १० फेब्रुवारी, दुपारी २.३०

स्पष्ट नकार आहे. मी सांगितले होते.

अर्थछटा | १० फेब्रुवारी, दुपारी ४.१५

इतके स्पष्ट नाही. मी एरवी पाहते ते हे, की नाही म्हणणाऱ्याने स्वतःहून दुसरा वार सुचवला का. सुचवला असेल तर भेट होतेच, मग कारण कितीही मोठे असो. येथे तो सुचवलेला नाही, म्हणून होकार धरता येत नाही. पण कारण नेमके आहे, नुसते “जरा गडबड आहे” असे नाही, आणि पाकाचे उत्तर तिने न विसरता दिले आहे. मला वाटते तिने पुढचा शनिवार टाळलेला नाही, तो तिच्या नजरेतून सुटला आहे. ओझरते लिहिण्याचा हा तोटा, आणि तो दोष माझ्या मसुद्याचा आहे.

आता लगेच “मग २८ ला?” असे लिहू नका. एका नकाराच्या पाठोपाठ दुसरी तारीख आली की माणूस भिंतीला टेकतो. आधी तिच्या कार्यक्रमाविषयी एक वाक्य लिहा, आणि मग २८ तारीख प्रश्नचिन्हाशिवाय ठेवून द्या: “डोहाळजेवणाचे फोटो दाखव गं. मी २८ चा शनिवार अजून रिकामा ठेवलाय, गुरुवारपर्यंत कळवलंस तर चारला कट्ट्यावर, नाहीतर होळीनंतर मीच एकदा विचारीन.” प्रश्न विचारला नाही तर उत्तराचे कर्ज राहत नाही, आणि “गुरुवारपर्यंत” लिहिल्यामुळे तुम्हालाही शुक्रवारी फोनकडे पाहत बसावे लागत नाही.

उंबरठा | १० फेब्रुवारी, सायंकाळी ६.००

सगळे पटले, पण “मीच एकदा विचारीन” हे मला खटकते. वाचणाऱ्याला ते मागे लागलेल्या तगाद्यासारखे वाटू शकते. “तुझं तू कळव” असे म्हणून चेंडू तिच्याकडे का सोडू नये?

अर्थछटा | १० फेब्रुवारी, सायंकाळी ६.३५

कारण नऊ वर्षे तो चेंडू तसाच पडून होता. पण “एकदा” हा शब्द पाळला पाहिजे, हे तुमचे बरोबर. होळीनंतर एक निरोप, त्यालाही वाराशिवायचे उत्तर आले तर आपण थांबायचे, आणि स्टेटसवर दागिने दिसले की पूर्वीसारखेच कौतुक करायचे, भेटीचा विषय न काढता. ती ज्या दिवशी स्वतः वार लिहील त्या दिवशी भेट.

फलाट_चार | ११ फेब्रुवारी, सकाळी १०.२०

२८ ठरलेच, तर शुक्रवारी रात्री एक निरोप जरूर टाका, पण “येतेस ना?” असा नको. “उद्या चारला, कट्ट्यावर, गणपतीच्या देवळाच्या बाजूला, मी निळ्या ओढणीत” असा लिहा. त्यात आठवणही होते आणि पत्ताही जातो. शिवाजी पार्कचा कट्टा पूर्ण मैदानाला वळसा घालून आहे, “कट्ट्यावर भेटू” एवढेच ठरवून अर्धा तास एकमेकांना फोन करत फिरणारी माणसे मी पाहिली आहेत.

कांदेपोहे | ११ फेब्रुवारी, दुपारी १.१०

मी तीन आठवड्यांपूर्वी एका जुन्या मित्राला जवळपास असाच निरोप पाठवला, वार, वेळ, जागा सगळे घालून. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आले नाही. त्यानंतर मी “मिळाला का निरोप?” असेही विचारले. आता काय करावे?

अर्थछटा | ११ फेब्रुवारी, दुपारी ३.००

आता काही करू नये. त्या दुसऱ्या निरोपानंतर उरलेली जागा त्याची आहे. दोन-तीन महिन्यांनी भेटीशी संबंध नसलेले, त्याला खरोखर उपयोगी पडेल असे काही हाती आले, तर ते पाठवा, आणि त्यालाही उत्तर आले नाही तर ते उत्तरच आहे. निळ्या खुणांवरून मात्र कसलाही निष्कर्ष काढू नका; लोक लोकलच्या दारात उभे राहून निरोप उघडतात आणि उतरताना विसरून जातात.

शेवंती | २६ फेब्रुवारी, रात्री ९.४५

आज गुरुवार. सायंकाळी साडेसातला तिचा निरोप आला: “२८ चालेल, पण पाचला, आणि सहाला मी निघेन हं, लेकीचा क्लास आहे.” बाहेरून पाहिले तर यात अटीच अटी आहेत, पण वेळ तिने लिहिली आहे, म्हणून मी “पाच ते सहा, पक्कं” एवढेच लिहिले. चारचा आग्रह धरला नाही.

शेवंती | १ मार्च, सकाळी ११.३०

काल भेट झाली. माझी गाडी कुर्ल्याला दहा मिनिटे उभी राहिली, त्यामुळे ती माझ्या आधी येऊन देवळाच्या बाजूला बसली होती. पहिली दहा मिनिटे अवघडच गेली. दोघींनी एकमेकींच्या सासरची चौकशी परक्या बायकांसारखी केली. मग फलाट_चार यांनी म्हटल्याप्रमाणे उठून एक फेरी मारली, आणि चालता चालता ती काट्याचे सांगू लागली: खसखशीवर पाक एका वेळी चमचाभरच सोडायचा, तो पूर्ण सुकला की मगच पुढचा, आणि हात सतत फिरता ठेवायचा; माझा पाक झाला कारण मी तो एकदम ओतला होता. तिने एका छोट्या डबीत उरलेला हलवा आणला होता.

सहा वाजून पाच मिनिटांनी ती खरोखरच निघाली. निघताना “परत भेटू गं” असे तीच म्हणाली, आणि या वेळी मी हसरे चेहरे न टाकता विचारले की पाडव्यानंतरचा शनिवार कसा. ती म्हणाली, घरी बघून सांगते. अजून कळवलेले नाही.

सरळमार्गी | १ मार्च, दुपारी १२.००

पुरणपोळ्यांचे तेव्हा बघा.

शेवंती | १ मार्च, दुपारी १२.१०

घरी बोलवायचे झाले तर तिसऱ्या भेटीला. आणि रविवारी नाही.